पश्चिम आघाडीवरचे खंदकयुद्ध: फळी फुटायची, पण पुढची वाट का मिळत नव्हती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पहिल्या महायुद्धातली पश्चिम आघाडी म्हटले की चिखल, काटेरी तार आणि मशीनगनसमोर कोसळणाऱ्या रांगा डोळ्यांसमोर येतात. हे चित्र खरे असले तरी एक मोठा प्रश्न त्यातून सुटत नाही. शत्रूचा पहिला खंदक अनेकदा जिंकला जायचा, कधी कधी तासाभरातच. मग चार वर्षे आघाडी जवळपास तिथेच का राहिली? याचे उत्तर शोधायला मार्च १९१५ मधली, उत्तर फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावाची ब्रिटिश-जर्मन लढाई फार उपयोगी आहे. ती लहान होती, तिचा तासातासाचा हिशेब लागतो आणि हल्ला करणाऱ्यांमध्ये जवळपास निम्मे सैन्य हिंदुस्थानी कोअरचे, म्हणजे हिंदुस्थानातून आलेल्या दोन डिव्हिजनच्या फौजेचे होते. खालच्या बऱ्याच उत्तरांत म्हणूनच ती पुन्हा पुन्हा येईल.

खंदक खोदायचे कुणी ठरवले?

तसे आधी कुणीच ठरवले नव्हते. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममार्गे फ्रान्समध्ये घुसले, तेव्हा सगळ्यांचीच अपेक्षा झटपट निकाली लढाईची होती. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मार्न नदीवर जर्मनांना रोखले गेले आणि ते एन नदीच्या उत्तरेकडच्या उंच कडेवर मागे सरकले. तिथे थकलेल्या जर्मन सैनिकांनी जमिनीत खड्डे घेतले. पाठलाग करणाऱ्या फ्रेंच आणि ब्रिटिश सैन्याला त्या चढावर पुढे जाता येईना, म्हणून त्यांनीही समोर खड्डे घेतले.

मग दोन्ही बाजूंनी एकमेकांना उत्तरेकडून वळसा घालण्याचे प्रयत्न सुरू झाले. प्रत्येक वळसा समोरच्या नव्या तुकडीने अडवला आणि प्रत्येक ठिकाणी आणखी थोडा खंदक उरला. ऑक्टोबरमध्ये ही साखळी समुद्राला भिडली. शेवटचा सखल तुकडा बेल्जियन सैन्याने न्यूपोर्ट बंदरातले पाणी अडवणारे दरवाजे उघडून समुद्राच्या पाण्याखाली घातला. नोव्हेंबरअखेर बेल्जियममधल्या ईप्रची पहिली लढाई थंडावली, तेव्हा उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत साधारण ७०० किलोमीटरची सलग रेषा तयार झाली होती.

या रेषेला मोकळी बाजूच नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एरवी सेनापती शत्रूच्या बगलेवर जातो. इथे बगल म्हणजे एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे तटस्थ देश. त्यामुळे हल्ला करायचा तर समोरूनच करावा लागे.

हिंदुस्थानी सैनिक तिथे कधी पोहोचले? त्यात महाराष्ट्राचा संबंध आहे का?

लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजनचा कोअर सप्टेंबर १९१४ अखेरपासून मार्सेय बंदरात उतरू लागला आणि ऑक्टोबरमध्ये थेट फ्रान्स-बेल्जियम सीमेवरच्या फ्लँडर्सच्या आघाडीवर गेला. अंगावरचे कपडेही त्या थंडीला पुरेसे नव्हते.

महाराष्ट्राचा संबंध खडकीमार्गे येतो. तिथल्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे तेव्हाच्या ३ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर होत्या. या पलटणीत मराठे, शीख आणि मुसलमान भरती होत. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग लावणारे, खंदक खोदणारे कसबी सैनिक. २८ ऑक्टोबर १९१४ ला माणसांची इतकी चणचण होती की या दोन कंपन्यांना ४७व्या शीख पलटणीबरोबर पायदळ म्हणून नव्ह शापेल गावावर धाडले गेले. त्यांनी घराघरातून संगिनींनी झुंजत गाव घेतले. पण मागून कुमक आली नाही, जर्मनांनी उलट हल्ला चढवला आणि उरलेल्यांना माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. घडवायला वर्षे लागलेली कसबी माणसे त्या एका दिवसात खर्ची पडली, याची हळहळ आजही वाटते.

गाव घेता आले, पण टिकवता आले नाही. पुढची चार वर्षे हेच घडत राहिले.

मराठा पलटणींचा मोठा सहभाग मात्र फ्रान्समध्ये नव्हता, तो मेसोपोटेमियात होता. दोन्ही आघाड्यांची सरमिसळ नेहमी होते, म्हणून हे स्पष्ट सांगितले.

खंदक नेमका कसा असायचा?

पूर्ण विकसित खंदक माणसाच्या उंचीपेक्षा खोल असे. समोर मातीच्या पोत्यांचा कठडा आणि आत एक पायरी असे. गोळी झाडायची तेव्हाच त्या पायरीवर चढायचे, एरवी खाली राहायचे. तळाशी पाणी साचे म्हणून लाकडी फळ्या टाकलेल्या असत. समोर काही मीटर अंतरावर काटेरी तारेचे पट्टे असत आणि त्यापलीकडे दोन्ही सैन्यांमधली कुणाचीच नसलेली जमीन.

खंदक सरळ कधीच खोदत नसत. दर काही मीटरवर तो काटकोनात वळवत आणि मध्ये मातीचा जाड ठोकळा ठेवत. गोळा आत पडला तर स्फोट एका कप्प्यापुरता राही आणि शत्रू आत शिरला तरी त्याला लांबवर गोळीबार करता येत नसे. त्यामुळे खंदक जिंकायचा म्हणजे एकेक वळण जिंकायचे. नव्ह शापेलला १० मार्चच्या सकाळी ३९व्या गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचे गब्बर सिंग नेगी हेच करत होते. संगीन आणि हातबॉम्ब घेतलेल्या टोळीत प्रत्येक वळणावर ते सर्वांत आधी पुढे जात आणि शत्रूला मागे रेटत. शेवटी समोरच्यांनी शरणागती पत्करली. नेगी त्या लढाईत मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

फ्लँडर्समध्ये मात्र हातभर खणले की पाणी लागे. तिथे खंदकाऐवजी जमिनीवर पोती आणि माती रचून बांध उभे करत. हे बांध तोफांना सहज दिसत आणि फुटतही. पुढे सोम नदीकाठच्या खडूच्या जमिनीत जर्मनांनी जी खोल तळघरे खोदली, तशी इथे शक्यच नव्हती. १० मार्चला सकाळी जे यश मिळाले, त्यात या पाण्याचाही वाटा होता.

नव्ह शापेलचा हल्ला कसा आखला होता?

त्या काळाच्या मानाने फार विचारपूर्वक. गावाभोवती जर्मन रेषेला एक फुगवटा होता, त्यामुळे तीन बाजूंनी तोफा लावता येत होत्या. ब्रिटिश सेनापती डग्लस हेग यांच्या पहिल्या आर्मीने विमानातून फोटो काढून जर्मन खंदकांचे नकाशे तयार केले आणि ते तुकड्यांना वाटले. तोफा आणि दारूगोळा रात्री गुपचूप जमवला. डावीकडे रॉलिन्सन यांचा चौथा कोअर आणि उजवीकडे विलकॉक्स यांचा हिंदुस्थानी कोअर. आधी गाव घ्यायचे आणि मग पलीकडची ओबेरची ठेंगणी टेकडी. टेकडी फार उंच नव्हती, पण त्या सपाट मुलखात तेवढ्या उंचीवरूनही सगळे दिसत असे.

सकाळी साडेसातला सुमारे ३४० तोफा एकदम सुरू झाल्या. हलक्या तोफांनी हवेत फुटून छरे उडवणारे श्रॅपनेलचे गोळे टाकून तार तोडली आणि उंच कमानीतून गोळा टाकणाऱ्या हॉवित्झर तोफांनी बांध फोडले. ३५ मिनिटांनी, ८ वाजून ५ मिनिटांनी, तोफांचा मारा गावावर सरकला आणि पायदळ निघाले. मध्यभागी बचाव कोलमडला होता. दिवस नीट वर येण्याआधी गाव हाती आले.

मग अडले कुठे?

आधी दोन्ही टोकांना. डाव्या टोकासाठी नेमलेल्या काही हॉवित्झर तोफा आदल्या दिवशीच पोहोचल्या होत्या. नेम साधायला आधी काही गोळे टाकून पाहावे लागतात, तेवढा वेळ त्यांना मिळाला नाही. परिणामी तिथली तार आणि बांध शाबूत राहिले. २री स्कॉटिश रायफल्स आणि २री मिडलसेक्स या बटालियन त्या तारेसमोर मशीनगनच्या तोंडी सापडल्या. लढाई संपली तेव्हा स्कॉटिश रायफल्सची सूत्रे एका सेकंड लेफ्टनंटच्या हाती होती.

उजव्या टोकाला ३९व्या गढवालची पहिली बटालियन दिशा चुकून उजवीकडे भरकटली आणि ज्या खंदकावर एकही गोळा पडला नव्हता त्यावर जाऊन आदळली. तिने तो तुकडा घेतलाही, पण हल्ल्यातले ब्रिटिश अधिकारी मारले गेले. ही बटालियन आणि मुख्य हल्ला यांच्या मध्ये जर्मनांचा एक तुकडा तसाच राहिला.

खरा घोळ यानंतर झाला. मध्यभागी समोर फारसे कुणी उरले नव्हते आणि तिथल्या बटालियन पुढे जायला तयार होत्या. पण ठरलेला हुकूम असा की टोके सुरळीत झाल्याशिवाय आणि वरून आज्ञा आल्याशिवाय पुढे जायचे नाही. टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटलेल्या. निरोप धावत्या जवानाच्या हाती बटालियनकडे, मग ब्रिगेडकडे, मग डिव्हिजनकडे, मग कोअरकडे जाई. वर पोहोचेपर्यंत तो शिळा झालेला असे. रॉलिन्सन डाव्या टोकाची वाट पाहत राहिले आणि दोन कोअरमध्ये एकमेकांसाठी थांबणे चालू राहिले. पुढचा हल्ला दुपारी लांबत गेला आणि प्रत्यक्षात सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, उजेड जात असताना सुरू झाला.

गावामागे जर्मनांनी आधीच थोड्या थोड्या अंतरावर मशीनगनची ठाणी बांधून ठेवली होती. मिळालेल्या तासांत तिथे माणसे पोहोचली. रात्रीतून त्या ठाण्यांना जोडणारी नवी रेषा खोदली गेली. ११ तारखेला धुक्यात ब्रिटिश तोफखान्याला ती कुठे आहे हेच कळेना. १२ तारखेच्या पहाटे जर्मनांनी उलट हल्ला केला आणि या वेळी मोकळ्यावर मारली जाण्याची पाळी त्यांची होती. त्यानंतर दोन्ही बाजू थांबल्या. साधारण २ किलोमीटर रुंद आणि १ किलोमीटर खोल जमीन मिळाली. त्यासाठी ब्रिटिश आणि हिंदुस्थानी मिळून ११ हजारांहून अधिक माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. जर्मनांची हानीही फार मागे नव्हती.

सगळे मशीनगनमुळे झाले, असे म्हणतात. ते खरे का?

अर्धेच. शाबूत तारेसमोर एक मशीनगन बटालियन गारद करू शकते, हे स्कॉटिश रायफल्सच्या बाबतीत दिसले. पण मधल्या भागात मशीनगन असूनही फळी फुटली, कारण तोफांनी आपले काम केले होते. या युद्धात सर्वाधिक माणसे तोफखान्याने मारली, मशीनगनने नव्हे.

माझ्या मते मूळ कारण वेळेच्या शर्यतीत आहे. फळी फुटताच दोन्ही बाजू त्या जागेकडे धावू लागतात. बचाव करणारा आपल्या रेल्वेने येतो. जर्मनांच्या हातात असलेले लील शहर नव्ह शापेलपासून दूर नव्हते. शेवटचे काही किलोमीटर तो चालतो, तेही न फुटलेल्या रस्त्यावरून. हल्ला करणाऱ्याला मात्र आपल्याच गोळ्यांनी नांगरलेल्या जमिनीवरून, दोन खंदकरेषा आणि तारांच्या गुंत्यातून, पाठीवर ओझे घेऊन जायचे असते. त्याच्या तोफा आणि दारूगोळाही तिथूनच ओढत न्यावे लागतात. पायदळ आपल्या तोफांच्या पल्ल्याबाहेर गेले की ते उघडे पडते. घोडदळ मागे तयार ठेवलेले असे, पण तार आणि मशीनगनपुढे घोडा टिकत नाही आणि रणगाडा अजून आलेला नव्हता.

यात संपर्काची अडचण मिळवा. बचाव करणाऱ्याचे टेलिफोन मागे, पुरलेल्या तारांवर चालू असतात. हल्ला करणारा जसजसा पुढे जातो, तसतसा तो आपल्या सेनापतीसाठी आंधळा होत जातो. वायरलेस संच अवजड आणि मोजके होते. १० मार्चला वाया गेलेले तास एखाद्या सेनापतीच्या आळसामुळे गेले नाहीत. त्या वेळच्या साधनांनी तेवढा वेळ घेतलाच असता. रॉलिन्सन यांनी थोडे धाडस केले असते तर टेकडीच्या पायथ्यापर्यंत मजल गेली असती असे मला वाटते, पण पुढे आणखी एक रेषा खोदली गेलीच असती.

सेनापतींनी यातून धडा घेतला नाही का?

घेतला, पण चुकीचा. फ्रान्समधल्या ब्रिटिश सैन्याचे प्रमुख सर जॉन फ्रेंच आणि इतरांनी निष्कर्ष काढला की दारूगोळा कमी पडला, म्हणून मारा जास्त वेळ हवा. गोळ्यांचा तुटवडा खराच होता आणि मे १९१५ मध्ये त्यावरून लंडनमध्ये राजकीय वादळही उठले. पण नव्ह शापेलला पहिल्या सकाळी जमले ते मारा लांबला म्हणून नव्हे, तर थोड्या जागेवर, अचानक आणि दाट झाला म्हणून.

पुढच्या वर्षी सोमच्या लढाईआधी सात दिवसांत सुमारे १५ लाख गोळे टाकले गेले. ते वीस किलोमीटरहून अधिक रुंद आघाडीवर आणि अनेक रेषांवर पसरले, त्यामुळे खंदकाच्या प्रत्येक मीटरवाटे येणारा मारा नव्ह शापेलपेक्षा विरळ होता. बरेच गोळे फुटलेच नाहीत. सात दिवसांत जर्मनांना हल्ला कुठे येणार हे पक्के कळले आणि ते खोल तळघरांत बसून राहिले. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिशांची ५७,४७० माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली, त्यांपैकी १९,२४० मृत.

लांब माऱ्याने आणखी एक नुकसान केले. जमीन इतकी फुटे की तिच्यावरून पुढे जाणेच अशक्य होई. १९१७ च्या पावसात ईप्रजवळच्या पॅशेंडेल गावाकडे जाताना साधारण ८ किलोमीटरला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला.

जर्मनांनी मात्र बचाव सखोल करत नेला. पुढच्या रेषेत थोडीच माणसे, मागे विखुरलेली ठाणी आणि त्याही मागे, तोफांच्या पल्ल्याबाहेर, उलट हल्ल्यासाठी राखीव डिव्हिजन. पहिली रेषा जाऊ द्यायची आणि दमलेल्या शत्रूवर तुटून पडायचे, ही ती पद्धत.

विषारी वायूने फळी फुटली होती ना?

हो. २२ एप्रिल १९१५ ला संध्याकाळी ईप्रच्या उत्तरेला जर्मनांनी क्लोरीन सोडला आणि कित्येक किलोमीटरचे भगदाड पडले. पण तो प्रयोग होता. मागे पुरेसे राखीव सैन्य ठेवलेच नव्हते, अंधार पडत होता आणि स्वतःच्या वायूत शिरायला सैनिक कचरत होते. कॅनेडियन तुकड्यांनी भगदाड थोपवले. चार दिवसांनी लाहोर डिव्हिजनलाही तिथे उतरवले गेले. लवकरच मुखवटे आले आणि हे अस्त्र छळाचे राहिले, निकालाचे नाही.

रणगाड्यांनी प्रश्न सोडवला का?

एकट्या रणगाड्यांनी नाही. २० नोव्हेंबर १९१७ ला कांब्रेजवळ ब्रिटिशांचे ४७६ रणगाडे उतरले. त्यांनी तार चिरडली, म्हणून ती तोडायला लांब मारा करावा लागला नाही. तितकेच महत्त्वाचे म्हणजे तोफांनी आधी चाचणीचे गोळे न टाकता, मोजमाप आणि नकाशांवरून नेम धरला. नव्ह शापेलच्या डाव्या टोकाला उशिरा आलेल्या हॉवित्झरना जे जमले नव्हते, ते आता गणिताने जमू लागले होते. एका दिवसात सुमारे ८ किलोमीटर आगेकूच झाली. पण बरेच रणगाडे बिघडले किंवा नष्ट झाले आणि ३० नोव्हेंबरच्या उलट हल्ल्यात जिंकलेली बरीच जमीन गेली.

१९१८ मध्ये मग काय बदलले?

२१ मार्चला जर्मनांनी पाच तासांच्या भीषण माऱ्यानंतर, निवडक आक्रमक तुकड्या पुढे घालून ब्रिटिश आघाडी खरोखर फोडली. काही ठिकाणी ते सुमारे ६० किलोमीटर आत गेले. पण जुन्या सोमच्या उद्ध्वस्त रणभूमीवरून त्यांच्या तोफा, अन्न आणि दारूगोळा मागोमाग येऊ शकले नाहीत. आमियेंचे रेल्वे जंक्शन त्यांच्या हाती आले नाही आणि दोस्त राष्ट्रांच्या राखीव डिव्हिजन पोहोचत राहिल्या. एवढी जमीन जिंकूनही युद्धाचे पारडे फिरले नाही.

८ ऑगस्टला आमियेंसमोर दोस्तांनी अचानक हल्ला केला. जर्मन तोफा कुठे आहेत हे विमाने आणि आवाजाच्या मोजणीवरून आधीच हेरलेले होते, म्हणून पहिल्या मिनिटांतच त्या गप्प केल्या गेल्या. पायदळ, रणगाडे, विमाने आणि तोफा एकाच आराखड्यात बांधलेल्या होत्या. पहिल्या दिवशी काही ठिकाणी १२ किलोमीटरच्या आसपास आगेकूच झाली. चौथ्या दिवसापर्यंत चालू रणगाडे फारच थोडे उरले आणि प्रतिकार घट्ट झाला. पूर्वी अशा वेळी तिथेच डोके आपटत राहायचे. या वेळी तो हल्ला थांबवला आणि २१ ऑगस्टला उत्तरेला, आल्बेर भागात, नवा सुरू केला. मग आणखी एकीकडे, मग तिसरीकडे. प्रत्येक धक्का आपल्या तोफांच्या पल्ल्यापुरता ठेवायचा आणि शत्रूची राखीव माणसे पोहोचेपर्यंत दुसरीकडे घाव घालायचा. मार्चपासून लाखो माणसे गमावलेल्या जर्मनांकडे आता प्रत्येक भगदाड बुजवायला पुरेशा डिव्हिजन नव्हत्या. सप्टेंबरअखेर हिंडेनबर्ग रेषा ही जर्मनांची भक्कम बचावफळीही ओलांडली गेली.

नव्ह शापेलला आज काय आहे?

गावाजवळ, रस्त्यांच्या तिठ्यापाशी, हर्बर्ट बेकर यांनी रचलेले हिंदुस्थानी सैनिकांचे गोलाकार स्मारक आहे. त्याचे उद्घाटन १९२७ मध्ये झाले. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पडलेल्या, पण ज्यांची कबर माहीत नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे त्याच्या भिंतीवर पलटणींनुसार कोरलेली आहेत. तिथे जाणार असाल तर ३ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सचा भाग आवर्जून पाहा. खडकीहून गेलेली माणसे तिथे आहेत.